पावतीची मागची बाजू

कुरिअरनं पाठवलेलं पार्सल हरवलं, तर कंपनीला पहिलं पत्र काय लिहायचं? यावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक मत असं की घडलं ते सरळ लिहावं, झालेलं नुकसान मागावं आणि कंपनीच्या बारीक अक्षरांतल्या अटींकडे ढुंकूनही पाहू नये. दुसरं मत असं की त्या अटी वाचल्याशिवाय पत्राची पहिली ओळसुद्धा लिहू नये. ही दोन्ही मतं मांडणारी माणसं ग्राहकाच्याच बाजूची असतात, म्हणून त्यांचा वाद ऐकण्यासारखा आहे. पुढे ती दोन मतं एका ग्राहक-कार्यकर्तीच्या आणि एका वकिलाच्या तोंडी घातली आहेत. समोर एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचं प्रकरण ठेवलं आहे.

नाशिकच्या एका आईनं नागपूरला असलेल्या मुलीला लग्नात नेसण्यासाठी पैठणी पाठवली. साडीचं बिल 38,000 रुपयांचं. कुरिअरचं भाडं 240 रुपये. पावतीवर ‘घोषित मूल्य’ या रकान्यात काउंटरवरच्या मुलानं 2,000 लिहिलं. पार्सल रस्त्यानं निघालं आणि नागपूरला पोचलंच नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या अटींत चार गोष्टी आहेत. कंपनीची जबाबदारी कोणत्याही परिस्थितीत 1,000 रुपयांपेक्षा जास्त असणार नाही. अप्रत्यक्ष किंवा परिणामी नुकसानाची भरपाई मिळणार नाही. तक्रार 7 दिवसांत लेखी करायची. आणि वाद झाल्यास कंपनीनं नेमलेल्या एकट्या लवादापुढे, दिल्लीत, निवाडा होईल.

कार्यकर्ती: वकीलसाहेब, मी सांगते ना, या अटी वाचून त्या माउलीचा धीर तेवढा खचेल. हजार रुपये, दिल्ली, लवाद. एवढे तीन शब्द वाचले की ती म्हणेल, ‘जाऊ दे, नशीब.’ या अटी लिहिल्याच आहेत मुळी त्यासाठी. शिवाय कायदा तिच्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 100 म्हणतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं, हे सर्वोच्च न्यायालयानं कुरिअरच्याच प्रकरणात, स्कायपॅक विरुद्ध टाटा केमिकल्समध्ये, 2000 साली सांगितलंय. पुढे 2015 मध्ये लवाद कायदा बदलला, कंपन्यांनी नव्या शब्दांचा आधार घेतला, आणि 2018 मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या निकालात तोही आधार गेला. मग जी अट तिला बांधतच नाही, ती वाचायची कशाला?

वकील: ताई, निकाल तुम्ही अगदी बरोबर सांगितलेत. पण त्यांत एक शब्द गृहीत धरलेला आहे, ‘ग्राहक’. ते दार उघडं राहतं ते ग्राहकाला. व्यावसायिक हेतूनं सेवा घेणारा माणूस त्या व्याख्येच्या बाहेर जातो. आता आपल्या या बाईंनी रागाच्या भरात असं लिहिलं की, ‘मी साड्यांचा व्यवसाय करते, तुमच्यामुळे माझी बाजारात नाचक्की झाली.’ त्या खरोखरच हौसेनं चार मैत्रिणींना साड्या आणून देत असतील. पण ही साडी तर लेकीच्या लग्नासाठी होती! तरी त्या एका वाक्यानं कंपनीच्या वकिलाच्या हाती कोलीत मिळतं. तो पहिल्याच तारखेला म्हणणार, ‘या ग्राहक नाहीत, यांचा व्यवहार व्यापारी आहे, अटीप्रमाणे यांनी लवादाकडे जावं.’ लवादाची अट आधी वाचली असती, तर ‘ही साडी मी स्वतःच्या मुलीला लग्नात नेसण्यासाठी पाठवली’ हे वाक्य पत्रात सर्वांत वर यायला हवं, हे कळलं असतं. अट तिला बांधत नाही हे खरं. पण ती का बांधत नाही, याचं कारण तिच्याच पत्रात दिसलं पाहिजे.

इथे वकिलाचा मुद्दा वाटतो त्याहून खोल आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्यांना ग्राहक मंचाची वाट मोकळी ठेवली. लवाद हा पर्यायी मार्ग आहे, एकमेव नाही, असं म्हटलं. पण त्याच ओघात हेही म्हटलं, की एखाद्यानं आधी लवादाचा मार्ग पत्करला तर नंतर त्याला ग्राहक मंचाकडे येता येणार नाही, असं म्हणायला जागा आहे. म्हणजे निवड ग्राहकाची, पण ती नकळतही होऊन बसते. कंपनीच्या अटींतून वाक्य उचलून ‘अटींनुसार लवाद नेमावा, ही विनंती’ असं कोणी सभ्यपणे लिहिलं, तर आपण दोन वाटांपैकी एक धरली आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. लवाद कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समोरच्याला अशी मागणी मिळाली, त्या दिवसापासून लवादाची कार्यवाही सुरू झाली असं धरलं जातं. अट न वाचता लिहिणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो.

कार्यकर्ती: बरं, लवादाचं मान्य करते. पण हजार रुपयांच्या अटीचं काय? ती वाचली की आपली माणसं तेवढेच मागतात. ‘तुमच्या अटीप्रमाणे हजार तरी द्या’ असं लिहिलेली पत्रं येतात ती याच भीतीपोटी. न वाचलेला माणूस निदान 38,000 तरी मागतो!

वकील: ते पत्र चुकीचंच. पण का चुकीचं? अट वाचली म्हणून नव्हे, वाचून ती मान्य केली म्हणून. ‘अटीप्रमाणे हजार द्या’ असं लिहिणं म्हणजे ती अट आपल्यातल्या कराराचा भाग आहे, हे स्वतःच कबूल करणं. आणि कबुलीचं मोल काय असतं, ते 1996 च्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या निकालात दिसतं. तिथे जर्मनीला जाणारी कागदपत्रं पोचली नाहीत, दुसऱ्या प्रती पाठवेपर्यंत हंगाम निघून गेला आणि खरेदीदारानं कमी पैसे दिले. पाठवणाऱ्यानं तो फरक मागितला. राज्य आयोगानं तो दिलाही. पण राष्ट्रीय आयोगानं भरपाई 100 डॉलरवर आणली, कारण पावतीवर ती मर्यादा छापलेली होती आणि पाठवणाऱ्याची सही होती. सर्वोच्च न्यायालयानं हे कायम ठेवलं. सही करणाऱ्याला, अट वाचली नव्हती, असं म्हणून सुटता येत नाही, हा त्याचा अर्थ. आता आपल्या बाईंच्या पावतीकडे पाहा. सही आहे का? अटी पावतीच्या मागे छापल्या आहेत की फक्त संकेतस्थळावर आहेत? काउंटरवर कोणी दाखवल्या का? ही उत्तरं पत्र लिहिण्याआधी हवीत. सही नसेल, तर ‘ही मर्यादा मला सांगितली नाही, दाखवली नाही, पावतीवर माझी सही नाही’ हे घटनेचा भाग म्हणून पहिल्याच पत्रात आलं पाहिजे. सही न घेतलेल्या, नजरेला न आणलेल्या बारीक अक्षरांना ग्राहक आयोगांनी अनेकदा दाद दिलेली नाही. पण तो बचाव सहा महिन्यांनी सुचला, तर तो मागाहून रचल्यासारखा दिसतो.

कार्यकर्ती: आणि सही असेल तर? मग तुमच्या वाचनानं तिला काय मिळालं? हजारच ना?

वकील: नाही, ताई. मग दुसरा आकडा शोधायचा. पार्सल रस्त्यानं गेलं असेल, तर रस्त्यानं होणाऱ्या मालवाहतुकीचा 2007 चा कायदा लागतो, आणि त्यातल्या ‘वाहतूकदारा’च्या व्याख्येत कुरिअर संस्थासुद्धा येते. त्याखालच्या 2011 च्या नियमांत मर्यादा आहे भाड्याच्या दहापट, मात्र घोषित मूल्याच्या वर नाही. म्हणजे 240 च्या दहापट 2,400, आणि घोषित मूल्य 2,000, म्हणून 2,000. कंपनीनं छापलेले 1,000 कायद्याच्या हिशेबापेक्षाही खाली आहेत, हे पत्रात मांडता येतं. अट वाचली नसती तर ही तफावत दिसली असती का?

या टप्प्यावर तीन आकडे समोर आहेत. 1,000 कंपनीच्या अटीतला, 2,000 कायद्याच्या हिशेबातला आणि 38,000 खऱ्या नुकसानाचा. कार्यकर्तीचा आग्रह तिसऱ्या आकड्यासाठी आहे, आणि तो रास्तच आहे. पण तिसऱ्या आकड्यापर्यंत जायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं, आणि तिथे अडसर आहे तो ‘घोषित मूल्य’ या रकान्याचा. त्याच कायद्यात एक सवलतीची वाट आहे. पाठवणाऱ्यानं जादा जोखमीचा दर भरायचं कबूल केलं असेल, तर दहापटीची मर्यादा लागत नाही. मग प्रश्न उरतो तो वस्तुस्थितीचा. 2,000 हा आकडा कोणाच्या सांगण्यावरून लिहिला? आईला किंमत विचारली होती का? जादा दराचा पर्याय आहे, हे तिला सांगितलं होतं का? काउंटरवरच्या मुलानं न विचारता आकडा टाकला असेल, तर पत्रात तेच आणि तेवढंच लिहायचं. पण आईनंच भाडं वाचवायला 2,000 सांगितलं असेल, तर तिचा 38,000 चा दावा फार लंगडा होतो, आणि शब्दांची कोणतीही कसरत त्याला पाय देऊ शकत नाही. वाचनाची ही मर्यादा मोकळेपणानं मान्य केली पाहिजे. अटी वाचल्यानं खोट्याचं खरं होत नाही. जे खरं आहे त्यातलं नेमकं काय सांगणं गरजेचं आहे, एवढंच वाचनानं कळतं.

कार्यकर्ती: तुमचं हे ऐकून मला दुसरी भीती वाटते. लोक इतकं वाचून मग वकिली भाषेत लिहायला लागतील. ‘सदर अट क्रमांक नऊ ही अन्याय्य करार असल्याने रद्दबातल ठरवावी.’ मोठे शब्द आले की मोठा दावा केल्यासारखं वाटतं.

वकील: आणि नेमक्या त्याच वाक्यानं दावा दुसऱ्याच दारात जाऊन पडतो! 2019 च्या कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही नवी संज्ञा आली. पण अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार ऐकायचा आणि अशी अट रद्दबातल ठरवायचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिलेला आहे. जिल्हा आयोगाच्या कलमात तो नाही. बाईंनी नाशिकच्या जिल्हा आयोगापुढे ‘अट रद्द करा’ अशी मागणी केली, तर कंपनीची पहिली हरकत अधिकारक्षेत्राचीच येणार, आणि त्यात तारखांवर तारखा जाणार. त्याऐवजी मागणी अशी ठेवायची: पार्सल न पोचवणं ही सेवेतली त्रुटी आहे, त्याची भरपाई द्या. मर्यादेच्या अटीबद्दल एवढंच म्हणायचं, की ती मला कधी दाखवली नाही म्हणून ती मला लागू नाही. पहिल्या वाक्यात आयोगाला अट मोडायला सांगितलेलं आहे. दुसऱ्यात, अट या व्यवहारात आलीच नाही, असं म्हटलेलं आहे. जिल्हा आयोग दुसरा प्रश्न सहज ठरवू शकतो. आणि जिल्हा आयोग म्हणजे घराजवळचा आयोग. कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, आणि अधिकारक्षेत्र मोजायचं ते सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे इथे 240 रुपयांवर. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

कार्यकर्तीची भीती इथे निराधार ठरत नाही, उलट तिला दिशा मिळते. जड शब्द टाळावेत हे तिचं म्हणणं खरंच आहे. पण कोणता शब्द जड आहे, हे अट आणि कायदा शेजारी ठेवून वाचल्यावरच कळतं. ‘हलगर्जीपणा’ हा असाच एक शब्द. रागाच्या पत्रात तो हटकून येतो, आणि मग कंपनी विचारते, ‘कसला हलगर्जीपणा? सिद्ध करा.’ वास्तविक हरवलेल्या मालाच्या बाबतीत वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचं ओझं दावेदारावर टाकलेलंच नाही. 1865 च्या जुन्या कायद्यातला हा नियम ग्राहक मंचापुढेही लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात सांगितलं, आणि 2007 च्या कायद्यानं तो नियम पुढे चालू ठेवला. तेव्हा ‘अमुक तारखेला ताब्यात दिलं, आजपर्यंत पोचलेलं नाही’ हे दोन दिनांकांचं वाक्य आरोपांच्या पानभर मजकुरापेक्षा वजनदार असतं.

कार्यकर्ती: मुदतीचं सांगा. सात दिवसांची अट बेकायदेशीर आहे, असं आम्ही लोकांना सांगतो.

वकील: अर्धं खरं आहे. करार कायद्याचं कलम 28, 1997 च्या दुरुस्तीनंतर, असं म्हणतं की ठरावीक मुदतीनंतर हक्कच बुडेल अशी अट निरर्थक आहे. ग्राहक आयोगात यायला कायद्यानं दोन वर्षं दिलेली आहेत, ती कंपनीला सात दिवसांवर आणता येत नाहीत. पण ‘सात दिवसांत कळवा’ आणि ‘सात दिवसांनंतर हक्क संपला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि कंपनीच्या अटीत कोणतं आहे ते वाचूनच ठरतं. शिवाय 2007 च्या कायद्याची स्वतःची मुदत आहे. हरवल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या दिवसापासून 180 दिवसांच्या आत द्यायला हवी. जुन्या कायद्यातली अशीच नोटीस ग्राहक तक्रारीआधीही आवश्यक मानली गेली आहे. मग सात दिवसांत दोन ओळींचा ईमेल टाकायला काय हरकत? अट बेकायदेशीर असली तरी ती पाळायला कवडी पडत नाही, आणि पाळली की तो वादच उरत नाही. त्या ईमेलात फक्त ‘ही माहिती माझे सर्व हक्क राखून देत आहे’ एवढं जोडायचं.

आता तेच पत्र दोन्ही तऱ्हांनी समोर ठेवून पाहू. अटी न वाचता लिहिलेलं पत्र साधारण असं असतं: ‘तुमच्या हलगर्जीपणामुळे माझी 38,000 ची साडी गेली. लग्नात आमची बदनामी झाली. साडी, नवीन साडीचा खर्च, प्रवास आणि मनस्ताप मिळून एक लाख रुपये आठ दिवसांत द्या, नाहीतर कोर्टात खेचू.’ यातला प्रत्येक शब्द मनापासून आलेला आहे. पण ‘परिणामी नुकसान देणार नाही’ ही अट या पत्राला अख्खं गिळून टाकू शकते, कारण साडीची थेट किंमत आणि बाकीचे सगळे परिणाम एकाच लाखात कालवलेले आहेत.

वाचून लिहिलेलं पत्र असं होतं: ‘अमुक तारखेला पावती क्रमांक अमुकनुसार मी माझ्या मुलीला लग्नात नेसण्यासाठी एक पैठणी नाशिकहून नागपूरला पाठवली. भाडं 240 रुपये रोख दिलं. पार्सल आजपर्यंत पोचलेलं नाही. पावतीवरील 2,000 हा आकडा तुमच्या कर्मचाऱ्यानं मला न विचारता लिहिला. जादा जोखमीच्या दराबद्दल किंवा जबाबदारीच्या मर्यादेबद्दल मला काही सांगितलं नाही आणि पावतीवर माझी सही घेतली नाही. माझी मागणी: एक, साडीची किंमत 38,000 रुपये, बिल सोबत जोडलं आहे. दोन, भाड्याचे 240 रुपये परत. तीन, मनस्ताप आणि खर्चापोटी वेगळी रक्कम.’ इथे तिसरी मागणी उडाली तरी पहिली शाबूत राहते. ‘अन्याय्य’, ‘बेकायदेशीर’, ‘लवाद’ हे शब्द कुठेच नाहीत, पण तिन्ही शब्दांना लागणारी वस्तुस्थिती पत्रात आहे. अर्थात ती खरी असेल तरच. आईची सही असेल, तर सही घेतली नसल्याचा भाग गाळायचाच.

कार्यकर्ती: शेवटची शंका. आयोगात साधी माणसं साध्या भाषेत येतात, आयोगही समजून घेतो. पहिलं पत्र चुकलं तर तक्रारीत दुरुस्त करता येतं. मग पहिल्या पत्राचा एवढा बाऊ कशाला?

वकील: तक्रार सुधारता येते, ताई, पाठवलेलं पत्र परत घेता येत नाही. ते कंपनीच्या फाइलला लागतं आणि पुढे पुरावा म्हणून समोर येतं. पत्रात एक आणि तक्रारीत दुसरं आलं, की आयोगाचा विश्वास डळमळतो. आणि बहुतेक प्रकरणं आयोगापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्या पत्राच्या उत्तरावर संपतात. कंपनी हजाराचा धनादेश पाठवते, सोबत ‘पूर्ण व अंतिम’ असा छापील कागद. मर्यादेची अट आधी वाचलेल्या बाईंना हा हजार कुठून आला ते लगेच कळेल. त्या कागदावर सही करणार नाहीत, किंवा रक्कम हरकत राखून घेत असल्याचं लेखी कळवतील. न वाचलेल्या बाईंना वाटेल, ‘चला, काहीतरी तर दिलं.’

या वादात शेवटी कार्यकर्तीचा हेतू आणि वकिलाची रीत एकत्र येतात, असं माझं मत आहे. एक भेद मात्र ठळक ठेवला पाहिजे. हीच साडी एखाद्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला विकून पाठवली असती, तर लवादाची अट त्याला टाळता आली नसती. त्याला कंपनीनंच एकतर्फी नेमलेल्या लवादावर हरकत घ्यावी लागली असती. पर्किन्स ईस्टमन या 2019 च्या निकालापासून आणि 2024 मधल्या घटनापीठाच्या निकालानंतर त्या हरकतीला भक्कम आधार आहे. म्हणजे तीच अट, तेच हरवलेलं पार्सल, पण पत्राची पहिली मागणी वेगळी: एकाची साडीच्या किमतीची, दुसऱ्याची निष्पक्ष लवादाची. हा फरक रागातून कळत नाही, तो अटीतून कळतो. म्हणून बुकिंगच्या दिवशीच्या अटी तारखेसह जतन कराव्यात, कारण संकेतस्थळावरचा मजकूर बदलतो. त्यांत जबाबदारीची मर्यादा, वगळलेलं नुकसान, कळवण्याची मुदत आणि वादाची जागा या चारच ठिकाणी बोट ठेवावं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: ही अट मला लागत नसेल, तर ती का लागत नाही हे सांगणारी कोणती खरी गोष्ट माझ्याकडे आहे? ती गोष्ट पत्रात लिहावी. 38,000 मागायचा धीर त्या आईकडे आधीपासून होताच. त्या मागणीला कोणत्या चार वाक्यांचा टेकू लागतो, हे तिला पावतीची मागची बाजू सांगते.